शाडूच्या मूर्तीची जाहिरात: ‘१००% इको-फ्रेंडली’ काढलं तर त्याजागी काय लिहायचं?

बोरूबहाद्दर

पेणच्या एका कारखान्याच्या गणेशमूर्तींसाठी ऑनलाइन विक्रीच्या पानाचा मजकूर लिहायचं काम आलंय. मूर्ती १० इंची, आतून पोकळ, वजन साधारण अडीच किलो. गेल्या वर्षीचा मजकूर असा आहे:

“१००% इको-फ्रेंडली गणेशमूर्ती. शुद्ध नैसर्गिक शाडू माती आणि बिनविषारी नैसर्गिक रंग. पाण्यात पूर्ण विरघळते, शून्य प्रदूषण. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषांनुसार मान्यताप्राप्त. थर्माकोलमुक्त, जैवविघटनशील पॅकिंग.”

माती खरंच शाडूची आहे, गोणी मी पाहिल्यात. म्हणजे हे सरळसोट खोटं नाही, पण वाचताना कुठेतरी खटकतंय. कारखानदारांचं म्हणणं, “सगळेच असं लिहितात.” यातलं काय ठेवू आणि काय काढू?

नियमबुवा

सगळंच काढा. २०२४ पासून ‘इको-फ्रेंडली’, ‘नैसर्गिक’, ‘ग्रीन’ या शब्दांवर बंदी आहे. दहा लाख दंड.

मृण्मयी_क

नियमबुवा, बंदी नाही हो. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची ग्रीनवॉशिंगबद्दलची, म्हणजे पर्यावरणाच्या दिशाभूल करणाऱ्या दाव्यांबद्दलची, मार्गदर्शक तत्त्वं १५ ऑक्टोबर २०२४ची आहेत. त्यांत हे शब्द ‘नुसते’ वापरू नका असं आहे. शब्द वापरला तर तो कशाबद्दल आहे हे तिथेच स्पष्ट करायचं, त्याला पुरावा हवा, आणि तो पुरावा गिऱ्हाइकाला बघता आला पाहिजे. त्यासाठी क्यूआर कोड किंवा लिंक चालते. दहा लाखांपर्यंतचा दंड आहे तो २०१९च्या ग्राहक संरक्षण कायद्यात, दिशाभूल करणाऱ्या जाहिरातीसाठी.

तत्त्वांमधला कामाचा मुद्दा दुसराच आहे. दावा नेमका कशाबद्दल ते सांगावं लागतं: संपूर्ण वस्तू, तिचा एखादा भाग, बनवण्याची पद्धत, पॅकिंग, वापर, की वापरानंतरची विल्हेवाट. बोरूबहाद्दर, तुमचा मजकूर इथेच घसरतो. माती शाडूची आहे एवढ्या एका गोष्टीच्या जोरावर रंग, वार्निश, खडे, खोका आणि विसर्जन या सगळ्यांना प्रमाणपत्र दिलंय.

आधी कारखान्यातून यादी आणा. गाभ्यात मातीखेरीज काय घालतात? अस्तर कशाचं? रंग कुठला, सोनेरी कुठला, वरून काही मारतात का? दागिने कशाने चिकटवतात? खोक्यात काय भरतात? ती यादी आल्याशिवाय मजकुराचा एक शब्दही लिहू नका.

बोरूबहाद्दर

आणली. गाभा: शाडू, हात आणि सोंडेत थोडा काथ्या. तार नाही. अस्तर: खडूची भुकटी आणि डिंक. अंगाचा रंग: बाजारातला पाण्यात कालवायचा तयार रंग. धोतर पिवळं, ते मात्र हळद आणि डिंकाचं. सोनेरी: तयार डब्यातला. मुकुटावर वार्निशचा एक हात. खडे: प्लास्टिकचे, सिंथेटिक गोंदाने चिकटवलेले, साधारण तीस. खोका पुठ्ठ्याचा, आत कागदाच्या कात्रणी, चिकटपट्टी प्लास्टिकची.

मृण्मयी_क

छान, आता एकेक शब्द घेऊ.

‘नैसर्गिक रंग’ गेला. एकच रंग हळदीचा आहे, तर “धोतराचा पिवळा रंग हळदीचा” असं लिहा. ते वाचायलाही जास्त चांगलं लागतं. बाकीच्यांना ‘तयार जलरंग’ म्हणा.

‘बिनविषारी’ हा सगळ्यात धोक्याचा शब्द, कारण तो अमुक एक घटक नाही असं म्हणत नाही, काहीच अपायकारक नाही असं म्हणतो. तेवढं सिद्ध करणारी चाचणी नसते. बहुतेकांकडे असलाच तर रंगातल्या शिशाचा अहवाल असतो. घरगुती आणि सजावटीच्या रंगांसाठी शिशाची मर्यादा ९० पीपीएम आहे, १ नोव्हेंबर २०१७ पासून. पुरवठादाराकडे त्याच रंगाचा, त्याच छटेचा अहवाल असेल तर “अंगाच्या रंगात शिसं ९० पीपीएमच्या आत, अहवाल इथे” असं लिहिता येईल. तो अहवाल शिशाबद्दलच बोलतो, बाकीच्या धातूंबद्दल नाही. आणि पांढऱ्याचा अहवाल दाखवून सोनेरीबद्दल बोलू नका. सोनेरी रंगात बऱ्याचदा तांबं-जस्ताची पूड असते, नाहीतर अभ्रकाची. तुमच्या डब्यात कुठली आहे ते पुरवठादाराला विचारा.

‘मान्यताप्राप्त’ ताबडतोब काढा. मंडळाची मूर्ती विसर्जनाबद्दलची सुधारित मार्गदर्शक तत्त्वं मे २०२०ची आहेत. ती पाळणं वेगळं आणि मंडळाने तुमची मूर्ती तपासून मान्य करणं वेगळं. हे दुसरं झालेलंच नाही.

चिंतामण७

माझा सोपा उपाय. मूर्तीच्या बुडाला व्हिनेगरचे दोन थेंब टाकायचे. फेसाळलं तर प्लास्टर, नाही फेसाळलं तर शाडू. याचा व्हिडिओ टाका पानावर, गिऱ्हाईक खूश.

मृण्मयी_क

चिंतामणराव, हा व्हिडिओ टाकलात तर आपल्याच शाडूला प्लास्टर ठरवाल. व्हिनेगरने फेसाळतो तो कार्बोनेट, म्हणजे खडू, चुनखडी. यांच्या मूर्तीला अस्तरच खडूचं आहे, थेंब अस्तरावर पडला की फेस येणार. प्लास्टर ऑफ पॅरिस घट्ट झालं की जिप्सम होतं, ते सल्फेट. शुद्ध असेल तर व्हिनेगरला ते दादच देत नाही. निकाल बरोबर उलटा.

खरी ओळख पाण्यात होते. बुडाकडचा न रंगवलेला, पूर्ण वाळलेला सुपारीएवढा तुकडा काचेच्या ग्लासात पाण्यात ठेवायचा आणि ढवळायचं नाही. न भाजलेला शाडू बुडबुडे सोडत कडेने ढासळायला लागतो, आणि एवढ्याशा तुकड्याचा थोड्याच वेळात मऊ ढीग होतो. प्लास्टरचा तुकडा दुसऱ्या दिवशीही कडक असतो. भेसळ असेल तर ढिगात कडक कण बोटाला लागतात.

अंजू_शेवडे

पण ‘विरघळते’ तरी ठेवता येईल ना? ते तर खरंच आहे. आणि माती म्हटल्यावर जैवविघटनशीलही आलंच की.

मृण्मयी_क

अंजूताई, बोलताना आपण विरघळते म्हणतो आणि समजतंही. पण गिऱ्हाईक साखरेसारखं विरघळणं डोळ्यापुढे आणतं, बादलीत स्वच्छ पाणी उरेल असं धरून चालतं. मग तळाशी दोन किलो चिखल, वर तरंगणारी रंगाची साल आणि पाण्यात प्लास्टिकचे खडे दिसले की फसवणूक वाटते. शाडू विरघळत नाही, भिजून सुटतो आणि गाळ होऊन बसतो. तेच लिहा: “पाण्यात भिजून मातीचा गाळ होतो.”

जैवविघटन म्हणजे जिवाणूंनी पदार्थ खाऊन तोडणं. शाडू मुळात खनिज आहे, त्यात जिवाणूंना खाण्यासारखं काय? माती मातीच राहते. त्यामुळे हा शब्द मूर्तीला लागूच होत नाही. काथ्याला लागतो, पुठ्ठ्याला लागतो.

आणि ‘शून्य प्रदूषण’ विल्हेवाटीवर अवलंबून आहे. हजारो मूर्तींचा गाळ एकाच लहान ओढ्यात पडला तर पाणी गढूळ होणारच, मग माती कितीही शुद्ध असो. म्हणून तो दावा काढून तिथे घरी बादलीत विसर्जन कसं करायचं ते सांगा.

गोड_बोलका

बादलीत विसर्जन म्हटलं की अमोनियम बायकार्बोनेटची पुडी सोबत द्या. पुण्यात महापालिकेने वाटलं होतं. ४८ तासांत मूर्ती गायब आणि पाण्याचं खत. “विसर्जनातून खत” ही भारी ओळ होईल.

मृण्मयी_क

ती पद्धत पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेची, आणि ती प्लास्टरच्या मूर्तींसाठी. जिप्समबरोबर बायकार्बोनेटची क्रिया होऊन तळाशी खडूसारखा गाळ बसतो आणि पाण्यात अमोनियम सल्फेट उतरतं. त्यातलं नत्र पुडीतून येतं, मूर्तीतून नाही. शाडूत जिप्समच नाही, त्यामुळे ही क्रिया होणारच नाही. शाडूच्या मूर्तीला साधं पाणी पुरतं. वर “विसर्जनातून खत” लिहिलंत तर आणखी एक खोटा दावा.

(तुम्ही हे प्लास्टरच्या मूर्तीसाठी विचारत असाल तर वेगळा धागा काढा, त्यात लिहिण्यासारखं बरंच आहे.)

बोरूबहाद्दर

वेळेचं काय लिहू? कारखानदार म्हणतात एक तास.

मृण्मयी_क

मोजल्याशिवाय नाही. असं करा. त्याच खेपेतल्या तीन पूर्ण रंगवलेल्या मूर्ती घ्या, वेगवेगळ्या दिवशी रंगवलेल्या असल्या तर उत्तम. किती दिवस वाळल्यात ते लिहून ठेवा. प्रत्येकीला वेगळी, वीस लिटरची बादली. मूर्ती पूर्ण बुडेल इतकं साधं, गार पाणी. हाताने दाबायचं नाही, ढवळायचं नाही, कारण घरी कोणी बाप्पाला काठीने ढवळत बसत नाही. दर अर्ध्या तासाला फोटो. आकार पूर्ण ढासळला की वेळ लिहायची. नंतर गाळ तांदळाच्या चाळणीतून पाण्याने धुऊन काढा आणि चाळणीवर उरेल ते वाळवून वजन करा. तो आकडा महत्त्वाचा, कारण ‘पूर्ण’ हा शब्द तिथेच मरतो.

मजकुरात सरासरी नको, सगळ्यात हळू मूर्तीची वेळ द्या, वर थोडी सवलत धरून. सरासरी दिलीत तर बऱ्याच गिऱ्हाइकांकडे मूर्ती त्या वेळेत सुटणार नाही.

बोरूबहाद्दर

केलं. चार दिवस लागले. पहिली मूर्ती पावणेपाच तास. दुसरी साडेपाच तास. तिसरी नऊ तास दहा मिनिटं, आणि तिचा मुकुट तर शेवटपर्यंत टोपीसारखा उभा होता. चाळणीवर सरासरी ३८ ग्रॅम: काथ्या, रंगाच्या पापुद्र्या, आणि सगळेच्या सगळे खडे. तिसरीला एवढा वेळ का? माती तर एकाच गोणीतली.

मृण्मयी_क

मुकुटच सांगतोय. तिसरीवर वार्निशचे दोन हात असणार, किंवा वार्निश मुकुटाबरोबर खांद्यापर्यंत आलं असेल. वार्निश पाणी आत जाऊ देत नाही. मग मूर्ती फक्त बुडातून आणि जिथे रंगाला भेग आहे तिथून भिजते. रंगवणाऱ्यांना विचारा.

बोरूबहाद्दर

विचारलं. खरंच, ती दुसऱ्या माणसाने रंगवली होती आणि चमक यावी म्हणून दोन हात दिले होते. आता मी मजकुरात “नऊ तास” लिहू की त्यांना वार्निश बंद करायला सांगू?

अंजू_शेवडे

सांगा की! वार्निश काढलं तर मजकूर आपोआप सुधारतो. पण सोनेरी रंग हाताला लागतो मग, पूजेत फुलं वाहताना.

मृण्मयी_क

तो निर्णय कारखान्याचा. पण मजकूर आणि माल एकत्र बदलले पाहिजेत. यंदाच्या मालावर वार्निश आहे तर यंदाचं पान वार्निशसकट. पुढच्या वर्षी बंद केलं, तर चाचणी पुन्हा करा आणि मगच आकडा बदला. जुन्या खेपेचा अहवाल नव्या मालाला चिकटवू नका.

नियमबुवा

पॅकिंगबद्दल कोणीच बोललं नाही. थर्माकोलच्या सजावटीवर १ जुलै २०२२ पासून देशभर बंदी आहे. मग ‘थर्माकोलमुक्त’ म्हणजे कायदा पाळला एवढंच सांगणं. त्यात कसलं कौतुक?

मृण्मयी_क

हा मुद्दा मखर विकणाऱ्यांना अगदी चपखल लागतो. कायद्याने जे करायलाच हवं ते आपला विशेष गुण म्हणून मिरवायचं नाही. पण ती बंदी सजावटीच्या थर्माकोलवर आहे, खोक्यात भरायच्या थर्माकोलवर नाही. त्यामुळे खोक्याबद्दल “थर्माकोल नाही” लिहिता येईल, खरं असल्यास. चिकटपट्टी मात्र सांगा. खोकाभर पुठ्ठा आणि दोन फूट प्लास्टिक हे कबूल करण्यात कसली अडचण?

बोरूबहाद्दर

आत्तापर्यंतच्या चर्चेवरून केलेला नवा मजकूर:

“पेणमध्ये हाताने घडवलेली १० इंची गणेशमूर्ती, सुमारे अडीच किलो. गाभा न भाजलेल्या शाडू मातीचा, हात आणि सोंडेत थोडा काथ्या. प्लास्टर ऑफ पॅरिस नाही. अस्तर खडू आणि डिंकाचं. धोतराचा पिवळा रंग हळदीचा. बाकी रंग तयार जलरंग, मुकुटावर वार्निश.

विसर्जन घरी बादलीत करता येतं. वीस लिटरच्या बादलीत मूर्ती पाण्यात पूर्ण बुडवा. या खेपेतल्या तीन मूर्तींच्या चाचणीत न ढवळता सगळ्यात हळू मूर्तीला सुमारे सव्वानऊ तास लागले, म्हणून रात्रभर ठेवा. आधी मुकुटावरचे प्लास्टिकचे खडे काढून घ्या. तळाशी मातीचा गाळ बसतो, वर रंगाच्या पापुद्र्या येतात. त्या चाळणीने काढून सुक्या कचऱ्यात टाका. चाचणीचे फोटो आणि नोंदी क्यूआर कोडवर.

खोका पुठ्ठ्याचा, आत कागदाच्या कात्रणी, थर्माकोल नाही. चिकटपट्टी प्लास्टिकची आहे.”

कारखानदार वाचून म्हणाले, “हे जाहिरात कमी आणि कबुलीजबाब जास्त वाटतं.”

चिंतामण७

मला तर उलट यावर जास्त विश्वास बसला. पण तेवढं ‘प्लास्टिकचे खडे’ पहिल्याच परिच्छेदात नको होतं का? विसर्जनाच्या सूचनेत दडवल्यासारखं दिसतंय.

मृण्मयी_क

चिंतामणराव, इथे तुम्ही बरोबर. खडे साहित्याच्या यादीत वर हवेत. चांगल्या बातम्या वर आणि कमीपणाच्या खाली, ही जुनीच चाल. शिवाय खडे मुळात नकोच, मण्यांची माळ करून नुसती घातली तर चिकटवावी लागणार नाही आणि परत काढता येईल.

बाकी मजकुराला मी सही करेन. गाळाचं काय करायचं तेवढं घाला. नुसता शाडू कुंडीत ओतला तर वाळून ढेकूळ होतो, तडे जातात, पाणी मुरत नाही. एक भाग गाळ आणि तीन भाग बागेची माती किंवा कंपोस्ट, असं मिसळायला सांगा.

तुळस_आणि_मी

मी बियांच्या मूर्ती विकते, मूर्तीतच तुळशीच्या बिया असतात. “विसर्जनानंतर रोप उगवते” असं लिहिते. यंदा बऱ्याच जणांनी काहीच उगवलं नाही म्हणून पैसे परत मागितले. वाक्य कसं बदलू?

मृण्मयी_क

वाक्याआधी मूर्ती बदला, ताई. ओल्या मातीत बी घातलं की ते पाणी पितं, कोंब काढायच्या तयारीला लागतं, आणि मूर्ती वाळते तशी मरतं. गिऱ्हाइकाच्या हाती येतं तेव्हाच मेलेलं असतं. शिवाय तुळशीचं बी बारीक, ते जाड चिखलाखाली गाडलं गेलं तर वर येत नाही. बिया वेगळ्या कागदी पुडीत, कोरड्या द्या. पुडीतल्या वीस बिया स्वतः पेरा, वर फक्त माती भुरभुरवा, दोन आठवड्यांनी रोपं मोजा. मग लिहा: “सोबत तुळशीच्या २० बियांची पुडी. आमच्या चाचणीत वीसपैकी इतक्या उगवल्या.” ‘उगवते’ म्हणजे हमी झाली, ‘इतक्या उगवल्या’ ही नोंद आहे.

तुळस_आणि_मी

पण मग ती ‘बियांची मूर्ती’ राहिली कुठे? लोक तेच नाव बघून घेतात.

गोड_बोलका

हाच प्रश्न बोरूबहाद्दरांनाही आहे. लोक शोधतात ‘इको-फ्रेंडली गणपती’. तो शब्दच पानावर नसेल तर पान सापडणार कसं? शीर्षकात एकदा तरी ठेवा.

नियमबुवा

शीर्षकात ठेवला तर तो दावाच झाला.

मृण्मयी_क

शीर्षकात ठेवायचाच तर त्याच ओळीत त्याला बांधून ठेवा: “इको-फ्रेंडली गाभा: न भाजलेला शाडू, प्लास्टर नाही”. अट दुसऱ्या परिच्छेदात ढकलून चालणार नाही. मोबाइलवर लांब शीर्षक मध्येच तुटतं आणि अट पूर्ण दिसत नाही, ही अडचण मात्र मला सुटलेली नाही. मी स्वतः ‘शाडू’ पुढे ठेवला असता. ‘शाडूचा गणपती’ असं शोधणारेही कमी नाहीत.

बोरूबहाद्दर

दोन्ही शीर्षकं कारखानदारांना पाठवली. खडे वर घेतले, गाळाची ओळ घातली. सोनेरी रंगाच्या पुरवठादाराचं उत्तर अजून नाही. तोपर्यंत “सोनेरी: तयार रंग” एवढंच ठेवतोय आणि शिशाबद्दल काहीच लिहीत नाही.